‘सोबत जोडले आहे’, पण नेमकं काय?

जुन्या सरकारी पत्राचा नमुना आठवा. वर ‘विषय’, त्याखाली ‘संदर्भ’, मग मजकूर आणि सहीच्या खाली डाव्या कोपऱ्यात ‘सोबत :’. त्या ‘सोबत’पुढे कारकून कागदांची नावं क्रमाने लिहायचा. कोर्टात तर याहून कडक शिस्त असते. दाखल झालेल्या कागदाला निशाणी क्रमांक मिळतो आणि पुढे वकील, साक्षीदार, न्यायाधीश सगळे ‘निशाणी ५’ असंच म्हणतात. ‘तो मघाचा कागद’ असं म्हणून तिथे भागत नाही.

कागद गेला, ईमेल आला आणि ही शिस्त मात्र मधेच कुठेतरी गळून पडली. आता आपण लिहितो, ‘सोबत रिपोर्ट जोडले आहेत, कृपया पाहावे.’ खाली नऊ फाइली लटकलेल्या असतात. त्यातली कोणती आधी पाहायची, कुठल्या पानावर, आणि कशासाठी, हे वाचणाऱ्याने ओळखायचं. बहुतेक वेळा यातून थोडा वेळ वाया जातो, एवढंच. पण कधी कधी याची किंमत जास्त असते. हैदराबादेतल्या माझ्या एका मित्राच्या घरी गेल्या काही वर्षांतच घडलेलं एक उदाहरण सविस्तर सांगतो. त्यांच्या परवानगीने सांगतोय. फाइलींच्या नावांतली आद्याक्षरं आणि तारखा तेवढ्या बदलल्या आहेत.

नऊ फाइली आणि एक चुकीचं उत्तर

मित्राचे थोरले काका इंदूरला असतात. वय ७१. गुडघ्याची शस्त्रक्रिया २४ जूनला ठरली होती आणि दुखणं फार म्हणून एप्रिलच्या शेवटापासून ते रोज दोन वेदनाशामक गोळ्या घेत होते. शस्त्रक्रियेआधीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.६ आलं. मार्चमध्ये ते १.१ होतं. क्रिएटिनिन हा मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारा आकडा, आणि काही वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणू शकतात. म्हणून घरच्यांना शंका आली. मित्राची आतेबहीण पुण्यात डॉक्टर आहे. तिला विचारावं असं ठरलं.

काकांच्या मुलीने इंदूरहून कागदांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, मित्राने ते हैदराबादहून मेलला जोडले आणि लिहिलं, ‘ताई, काकांचे रिपोर्ट सोबत जोडलेत. जरा बघून सांग ना, गोळी चालू ठेवायची का?’ सोबत गेलेल्या फाइलींपैकी काहींची नावं अशी होती :

```
IMG-20240615-WA0012.jpg
IMG-20240615-WA0013.jpg
IMG-20240615-WA0014.jpg
100458_1.pdf
IMG-20240615-WA0019.jpg
```

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘क्रिएटिनिन १.१ आहे, ठीक आहे. गोळी जेवणानंतर घ्यायला सांग.’

उत्तरात आकडा होता म्हणून बरं. १.१ हा मार्चचा आकडा, हे मित्राच्या लगेच लक्षात आलं. ताईने फक्त ‘ठीक आहे’ एवढंच लिहिलं असतं, तर कोणाला पत्ताही लागला नसता आणि गोळी शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत चालू राहिली असती.

यात ताईचा दोष काढता येत नाही. नऊ फाइलींत एकच पीडीएफ होती, आणि ती मार्चच्या रिपोर्टची, लॅबने स्वतः पाठवलेली, स्वच्छ छापलेली. जूनचा रिपोर्ट तीन वेगवेगळ्या फोटोंत विभागलेला होता, त्यातले दोन आडवे. क्रिएटिनिनची ओळ तिसऱ्या फोटोत होती. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात फोनवर मेल उघडणारा माणूस जे आधी नीट वाचता येतं तेच वाचणार. लॅब तीच, पेशंट तोच, तपासणी तीच. फरक फक्त तारखेचा होता, आणि तारीख ना फाइलच्या नावात होती ना मेलच्या मजकुरात.

आधी फाइलींची आवराआवर

मेल पुन्हा लिहायला मित्राने मला हाक मारली. पहिलं काम नावं देण्याचं नव्हतं, फाइली कमी करण्याचं होतं. नऊ फाइली म्हणजे नऊ कागद नव्हते. जूनच्या रिपोर्टचे तीन फोटो हा एक कागद. सर्जनच्या चिठ्ठीच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचे दोन फोटो हाही एकच कागद. एक फोटो दोनदा आला होता. तीन फोटो सरळ करून, पानांच्या क्रमाने लावून त्यांची एक पीडीएफ केली. चिठ्ठीचंही तसंच. दुबार फोटो काढून टाकला. पाच फाइली उरल्या. ‘एक कागद, एक फाइल’ हा हिशेब पाळला की पुढचं सगळं सोपं होतं.

इंदूरहून फोटोही पुन्हा मागवले. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो ‘फोटो’ म्हणून पाठवला की अ‍ॅप तो दाबून लहान करतं, बारीक अक्षर पुसट होतं आणि मूळ नाव जाऊन त्याजागी `IMG-` आणि `WA` असलेलं नाव येतं. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर तो जसाच्या तसा आणि त्याच नावाने पोचतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. `IMG-20240615` मधली तारीख ही फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आल्या-गेल्याची असते, तपासणीची नव्हे. तपासणी १२ जूनची होती, फाइल म्हणत होती १५ जून. नाव निरर्थक असलेलं एक वेळ चालेल, पण चुकीची तारीख सांगणारं नाव वाचणाऱ्याला फसवतं.

नाव कोणाच्या कपाटासाठी?

मित्राने आधी सुचवलेलं नाव होतं `Kaka_latest_report.pdf`. या एका नावात दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा ‘काका’. हैदराबादेत जे काका, ते पुण्याच्या आतेबहिणीचे मामा. शिवाय तिला मामा तीन. नात्याचं नाव पाठवणाऱ्याच्या घरात चालतं, घेणाऱ्याच्या घरात नाही. डॉक्टर, वकील, बँक यांच्याकडे तर सगळ्यांच्याच ‘बाबां’च्या फाइली येतात. फाइल उतरवून घेतली की ती मेलपासून तुटते आणि इतर शेकडो फाइलींच्या गर्दीत जाऊन बसते. तिथे तिची ओळख सांगायला तिच्या नावाशिवाय दुसरं कोणी नसतं. म्हणून नाव ठेवताना आपलं कपाट विसरायचं आणि घेणाऱ्याचं कपाट डोळ्यांपुढे आणायचं.

दुसरा खड्डा ‘लेटेस्ट’. आजचा लेटेस्ट पुढच्या आठवड्यात शिळा होतो, पण नाव तेच राहतं. `new`, `final`, `final2` या सगळ्यांची तीच गत. तारीख मात्र शिळी होत नाही. आणि ती तारीख कागदावरची हवी, म्हणजे रक्ताचा नमुना दिल्याची किंवा चिठ्ठी लिहिल्याची, स्कॅन केल्याची नव्हे.

शेवटी नावं अशी ठरली :

```
01_VRK_2024-06-12_Kidney-Blood-Test.pdf
02_VRK_2024-03-05_Kidney-Blood-Test.pdf
03_VRK_2024-06-15_Tablets-Photo.jpg
04_VRK_2024-06-03_Knee-Surgeon-Note.pdf
05_VRK_2024-05-28_Knee-Xray.jpg
```

क्रमांक, माणूस, तारीख, कागद. एवढंच. `VRK` ही इथे नमुन्यापुरती आद्याक्षरं. प्रत्यक्षात कागदावर पेशंटचं जे नाव आहे तेच लिहावं.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशी उलटी का लिहिली, असं मित्राने विचारलं. संगणक नावं लावताना डावीकडून एकेक अक्षर पाहत जातो. `12-06-2024` असं लिहिलं, तर वेगवेगळ्या महिन्यांतल्या सगळ्या १२ तारखा शेजारी शेजारी येतात. वर्ष आधी लिहिलं की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. शिवाय 05-03 म्हणजे ५ मार्च की ३ मे, हा घोळ परदेशातल्या नातेवाइकांकडे हमखास होतो. वर्ष पुढे आलं की तो सहसा होत नाही. तारखेत तिरकी रेघ वापरता येत नाही, कारण विंडोज ती फाइलच्या नावात घेतच नाही. म्हणून आडवी रेघ. `1` ऐवजी `01` लिहिण्याचं कारणही तेच. दहापेक्षा जास्त फाइली झाल्या, तर पुष्कळ ठिकाणी १ नंतर १० येतो आणि मग २.

घरी साठवून ठेवायच्या फाइलींना पुढचा क्रमांक नको, तारखेने सुरुवात केलेली बरी. क्रमांक हा त्या एका पत्रापुरता असतो. पत्रात कोणती फाइल आधी पाहायची तो क्रम तो सांगतो.

नावं मराठीत ठेवली तर चालतील का? फोनवर आणि हल्लीच्या संगणकांवर देवनागरी नावं व्यवस्थित चालतात, घरच्या घरी खुशाल ठेवावीत. पण विमा कंपन्यांच्या किंवा सरकारी संकेतस्थळांवर फाइल चढवताना काही ठिकाणी अशी नावं नाकारली जातात किंवा अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. फाइल घराबाहेर जाणार असेल, तर नावात रोमन अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि खालची रेघ एवढ्यावरच थांबावं.

आणि नावात काय नको, तेही बघा. फाइलचं नाव फोनच्या सूचनेत, कोणाच्याही डोळ्यांसमोर येऊ शकतं. त्यामुळे आजाराचं नाजूक नाव, आधार क्रमांक किंवा पीडीएफचा पासवर्ड नावात लिहू नये.

एक ओळ

चांगलं नाव दिलं की कागद कोणता ते कळतं. त्यात काय पाहायचं, ते मात्र नाव सांगू शकत नाही. ते काम मजकुरातल्या एका ओळीचं. दुसरा मेल असा गेला :

> विषय : व्ही. आर. के., वय ७१ – शस्त्रक्रियेआधी वेदनाशामक गोळीबद्दल प्रश्न (५ फाइली)
>
> ताई, थोरल्या मामांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया २४ जूनला आहे. प्रश्न एकच : फाइल ०३ मधली वेदनाशामक गोळी तोपर्यंत चालू ठेवायची का?
>
> ०१ – १२ जूनची रक्ततपासणी. पान ३, क्रिएटिनिनची ओळ : १.६.
> ०२ – ५ मार्चची तीच तपासणी, त्याच लॅबची. पान २, तीच ओळ : १.१. तू काल पाहिलीस ती ही.
> ०३ – गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो. डावीकडून दुसरं पाकीट. एप्रिलच्या शेवटापासून रोज दोन.
> ०४ – सर्जनची चिठ्ठी, ३ जून. पान २ वर शस्त्रक्रियेची तारीख. ही चिठ्ठी १२ जूनच्या तपासणीआधीची आहे.
> ०५ – गुडघ्याचा एक्स-रे. फक्त माहितीसाठी, उघडला नाहीस तरी चालेल.
>
> लघवीची तपासणी अजून झालेली नाही, म्हणून जोडलेली नाही.

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. गोळी थांबवा, इंदूरच्या डॉक्टरांना आजच कळवा, तपासणी पुन्हा करून घ्या आणि १.६ हा आकडा सर्जनपर्यंत पोचलाय का ते विचारा. तो पोचला नव्हता. चार नंबरची ओळ वाचूनच तिला तसा संशय आला होता. शस्त्रक्रिया कधी करायची ते पुढे सर्जननी ठरवलं, पण हा आकडा समोर ठेवून.

आता या ओळींकडे नीट पाहा. प्रत्येक ओळीत कागद कोणता आणि कुठे पाहायचं, हे आहे. आणि जिथे गरज आहे तिथे तो का जोडलाय हेही आहे. ‘पान ३, क्रिएटिनिनची ओळ’ म्हटल्यावर शोधाशोध संपते. पानांचा क्रमांक देताना एक सांभाळायचं. कागदावर छापलेला पान क्रमांक आणि पीडीएफ उघडल्यावर दिसणारा क्रमांक वेगळा असू शकतो, कारण वर मुखपृष्ठ किंवा पावती असते. तसं असेल तर ‘पीडीएफमधलं पान ३, कागदावर २ छापलंय’ असं लिहावं.

ओळीत आकडाही लिहिला आहे, तो उगाच नाही. वाचणाऱ्याने फाइल उघडली आणि तिथे वेगळाच आकडा दिसला, तर चुकीची फाइल जोडली गेली हे तिथल्या तिथे कळतं. ती ओळ वाट दाखवते आणि पडताळाही देते.

पाचव्या ओळीत ‘उघडला नाहीस तरी चालेल’ असं लिहायला मित्राला संकोच वाटत होता. पण वाचणाऱ्याचा वेळ वाचवणारी ओळ हीच. सगळ्याच फाइली सारख्या महत्त्वाच्या म्हणून पाठवल्या की खरी महत्त्वाची फाइल त्यांत हरवते.

आणि शेवटची ओळ, काय जोडलेलं *नाही* याची. ती नसती तर लघवीचा रिपोर्ट विसरला गेला की तपासणीच झाली नाही, हे ताईला विचारावं लागलं असतं.

ओळीने काय करू नये

या एका ओळीला मर्यादाही आहे. मित्राच्या पहिल्या मसुद्यात ०१ पुढे लिहिलं होतं, ‘गोळीमुळे किडनी बिघडली आहे.’ ते काढायला लावलं. हा निष्कर्ष आहे, आणि तो काढायचं काम ताईचं होतं. आकडा वाढायला दुसरी कारणंही असू शकतात. ओळीत बोट ठेवायचं ते जागेवर आणि आकड्यावर. कारण आपणच सांगून टाकलं, तर वाचणाराही नकळत तेवढंच पाहतो. आपल्याला न दिसलेलं त्याला दिसावं, म्हणूनच तर आपण कागद पाठवत असतो. त्याच कारणासाठी रिपोर्ट पूर्ण पाठवावा, फक्त ‘ती ओळ’ कापून नव्हे.

पाठवताना आणि नंतर

पाठवण्याआधी फाइल आपल्या फोल्डरमधून नव्हे, मेलमध्ये जोडलेली आहे तिथून उघडून पाहावी. फोल्डरमधली बरोबर असते, जोडली गेलेली दुसरीच असते. विषयात ‘५ फाइली’ लिहिल्याचा फायदा हा, की चारच पोचल्या तर घेणारा लगेच सांगतो.

उत्तर-प्रत्युत्तरात एक गोष्ट हमखास चुकते. जीमेल किंवा आउटलुकमध्ये ‘रिप्लाय’ केलं की मूळ मेलच्या फाइली सोबत जात नाहीत. ‘फॉरवर्ड’ केलं तर जातात. ताईने रिप्लायमध्ये इंदूरच्या डॉक्टरांचा पत्ता घालून ‘सोबतची ०१ पाहा’ असं लिहिलं असतं, तर त्यांच्यापर्यंत ०१ पोचलीच नसती. म्हणून कोणी नवा माणूस जोडला की फाइली परत जोडाव्यात आणि जुन्या मेलचा उल्लेख तारखेसह करावा.

चुकीची फाइल गेलीच, तर दुरुस्त फाइल त्याच नावाने पाठवू नये. घेणाऱ्याच्या संगणकावर दोन्ही उतरल्या की दुसरीच्या नावापुढे `(1)` लागतो, आणि खरी कोणती ते कोणालाच सांगता येत नाही. नवीन फाइलला `02B` असं नाव द्यावं आणि लिहावं, ‘कालची ०२ रद्द, त्याऐवजी ०२बी पाहावी. फरक : कालच्या फाइलमध्ये पान २ नव्हतं.’

आता नाव बदलू नये अशा फाइली. एमआरआय किंवा सीटी स्कॅनची सीडी मिळते, तिच्यात `DICOMDIR` नावाची एक फाइल असते. ती म्हणजे त्या सीडीची अनुक्रमणिका. कोणतं चित्र कोणत्या फाइलमध्ये आहे ते तिच्यात फाइलींच्या नावांनिशी लिहिलेलं असतं. आतल्या फाइलींची नावं आपण ‘सुधारली’ की अनुक्रमणिका आणि चित्रं यांची ताटातूट होते आणि त्या अनुक्रमणिकेवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला ती सापडत नाहीत. अशा वेळी आतलं काही हलवू नये. अख्ख्या सीडीची झिप फाइल करावी आणि नाव बाहेरच्या झिपला द्यावं.

डिजिटल सही असलेल्या पीडीएफचं फक्त नाव बदलल्याने सहीला काही होत नाही, कारण सही आतल्या मजकुराची असते. मात्र ती पीडीएफ छापून पुन्हा स्कॅन केली किंवा दुसऱ्या पीडीएफमध्ये जोडली, तर सही तपासता येत नाही. म्हणून ‘एक कागद, एक फाइल’ करण्याच्या उत्साहात सहीच्या फाइली कुठेही विलीन करू नयेत. त्या तशाच, वेगळ्या जोडाव्यात.

इथे उदाहरण रिपोर्टांचं घेतलं, पण वडिलोपार्जित घराच्या कागदांनाही हेच लागू पडतं. तिथे ‘पान ३, क्रिएटिनिन’ऐवजी ‘पान २, चतुःसीमा : पूर्वेची बाजू’ असं येईल, एवढाच फरक. नावं ठेवायला आणि पाच ओळी लिहायला मित्राला त्या दिवशी सुमारे वीस मिनिटं लागली. ताईला उत्तर शोधायला, तिच्याच सांगण्याप्रमाणे, दोन.